दगड गव्हाचा होता

दिवे घाटाच्या दुसऱ्या वळणावर आमचा छोटा हत्ती दमला. ड्रायव्हरने पहिला गिअर टाकला तशी मागे दोरखंडांनी जखडलेली गिरणी एकदा करकरली. दादा खिडकीतून अर्धा बाहेर वाकून मागे बघत होता. "दगड हलला का रे?" त्याने मला विचारलं. मी मधे, गिअरच्या दांड्यापासून गुडघे वाचवत अंग चोरून बसलेलो. मला कसं कळणार? तरी मी "नाही" म्हणालो.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. माण तालुक्यातला. दहिवडीहून म्हसवडकडे जाताना उजवीकडे एक रस्ता फुटतो, त्या रस्त्यावरचं त्याचं गाव. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. कोपरखैरण्यात राहून एकोणीस वर्षं तो लिफ्टचा मेकॅनिक होता. त्याचे वडील त्याच्याही आधी मुंबईत होते, कापडाच्या गिरणीत. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि दोनेक वर्षं वाट बघून ते गावी परतले. आमच्याकडे कुणी 'गिरणीत आहे' म्हटलं की तो माणूस मुंबईला असायचा. दादा आता गावात गिरणी टाकणार म्हटल्यावर मावशीला आधी तेच वाटलं. "पुन्यांदा गिरनी?" असं म्हणून ती गप्प बसली होती.

गावात गिरणी नव्हती असं नाही. माझ्या लहानपणी तिथे डिझेल इंजिनावर चालणारी होती. तिच्या धुराड्यातून फुक्-फुक् असा आवाज निघायचा तो मळ्यापर्यंत ऐकू जायचा, आणि तो ऐकूनच बायका डोक्यावर पाट्या घेऊन निघायच्या. मालक गेला, पोरं पुण्याला गेली, इंजिन भंगारात गेलं. गेली सहा वर्षं गावातलं दळण चार किलोमीटरवर शेजारच्या गावी जात होतं. कधी कुणाच्या मोटारसायकलवर, कधी दूधवाल्याच्या गाडीतून. लॉकडाऊनमध्ये दादा तीन महिने गावी अडकला होता, तेव्हा दर चार दिवसांनी डबा घेऊन जायचं काम त्याच्याकडे होतं. गिरणीचा विचार तिथेच त्याच्या डोक्यात शिरला.

ही गिरणी आम्ही पुण्यात पेठेतल्या एका वाड्यातून उचलली. वाडा बिल्डरकडे गेला होता. मालक सत्तरीचे. सोळा इंची दगडांची उभी चक्की, दहा अश्वशक्तीची मोटर, स्टार्टर, पेटी, हॉपर, सगळं मिळून अडतीस हजार. उभ्या चक्कीत दोन दगड ताटासारखे समोरासमोर उभे असतात. एक जागचा हलत नाही, दुसरा फिरतो. धान्य मधल्या भोकातून आत येतं आणि कडेने पीठ होऊन बाहेर पडतं. दगड म्हणजे काही डोंगरातून काढलेला काळा पाषाण नव्हे. एमरीची खडी सिमेंटसारख्या मसाल्यात घट्ट बसवून ओतलेली ती चकती असते. दादाने मोटरचा आवाज ऐकला, बेअरिंगला कान लावला, पट्ट्यांना बोट लावून ताण पाहिला. लिफ्टवाल्याला त्यात नवं काही नव्हतं. निघताना मालक म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. दगड गव्हाचा आहे."

दादाने मान डोलावली. मीही डोलावली. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला नव्हता.

सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा. आषाढी वारीला माउलींची पालखी जाते तीच ही वाट. लोणंदला कांद्याच्या ट्रकांमध्ये अर्धा तास गेला. तिथून फलटणपर्यंत उजवा-डावा ऊसच ऊस, नीरेच्या कालव्याचं पाणी. फलटण सोडून दहिवडीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात शंभू महादेवाच्या डोंगररांगेतला मोगराळे घाट लागतो. घाट काही फार मोठा नाही. पण चढून वर आलं की मागे वळून पाहावंसं वाटतं, कारण खालचा हिरवा पट्टा जणू कुणीतरी कात्रीने कापल्यासारखा तिथेच संपलेला असतो. वर माळ, बाभळी, मेंढरं, आणि ऑक्टोबरात काढणीला आलेली बाजरी. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. इथे खरिपात बाजरी आणि रब्बीत शाळू, म्हणजे ज्वारी. गहू असतो, पण पाव्हण्यांसाठी आणि सणापुरता.

मालकांचं बोलणं खरं तर या घाटावरच आठवायला हवं होतं. आम्ही वडापाव खात होतो.

*

गिरणी बसली ती वडिलांच्या जुन्या गोठ्यात, गावठाणाच्या आत. रस्त्याकडेच्या मळ्यात जागा मोठी होती आणि गाड्या लावायला सोयीची होती, पण दादा तिथे जायला तयार नव्हता. कारण विजेचं. मळ्यातली लाइन शेतीच्या फीडरवर. शेतीची वीज ठरावीक तासच येते, कधी दिवसा आणि कधी रात्री, आठवड्याचं वेळापत्रक बदलत राहतं. गावठाणाचा फीडर वेगळा, त्याला दिवसभर थ्री फेज मिळण्याची आशा तरी असते. गिरणीच्या मोटरला तिन्ही फेज लागतात. चालू मोटरचा एक फेज गेला तर ती लगेच बंद पडत नाही. उरलेल्या दोनांवर घुमत, तापत राहते, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत आतलं वायंडिंग जळालेलं असतं. दादाने पहिल्याच दिवशी स्टार्टरच्या आधी फेज गेला की मोटर तोडणारा रिले बसवला. "लिफ्टमध्ये माणसं असत्यात," तो म्हणाला, "हितं पीठ हाय, पण मोटर तीच."

जोडणीचं कोटेशन, लोडची मंजुरी, आणि मग मीटर. यात सात आठवडे गेले होते. ते सगळं त्याने मुंबईहून सुट्ट्या काढून केलं होतं, आणि त्याबद्दल तो बोलत नाही.

खंडेनवमीला पट्टे चढवले. मोटरच्या पुलीला आणि चक्कीच्या पुलीला एकच दोरी आडवी धरून दोन्ही एका रेषेत आहेत का ते पाहिलं, पाया पाणसळीत आहे ना ते पाहिलं. दसऱ्याला नारळ फुटला. प्रवासात दगड सुटे झाले होते, ते पुन्हा बसवले की पहिलं पीठ माणसाने खायचं नसतं. त्यात खर उतरते, दाताखाली कचकचते. म्हणून दहा किलो चाळणीतली फुटकी ज्वारी दळून म्हशीला घातली. मग मावशीने पाच किलो बाजरी हॉपरमध्ये ओतली. पीठ कापडी नळीतून डब्यात पडायला लागलं. करडं, मऊ. सगळ्यांनी चिमटीत घेऊन पाहिलं. झकास होतं.

फक्त डबा उचलताना वहिनी म्हणाली, "लईच गरम झालंय." दादा हसला. "ताजं हाय की."

*

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी रजा काढून एसटीने गेलो. फोनवर दादा फार बोलत नव्हता. स्वारगेटहून दहिवडी, तिथून जीप. दुपारी तीन वाजता गिरणीचं दार उघडं, आणि दादा स्टुलावर बसून मोबाइल बघतोय. दळणाच्या डब्यांची रांग नाही. कोपऱ्यात एकच पिशवी, गव्हाची.

त्याने वही दाखवली. लिफ्टच्या नोकरीतली सवय. रोजचं दळण, किलो, युनिट, सगळं लिहिलेलं. दिवाळीपर्यंत रोज चौदा-पंधरा दळणं. नंतर नऊ. मग सहा. आदल्या दिवशी चार. एक दळण सरासरी पाच किलोचं, दळणावळ किलोला पाच रुपये. म्हणजे दिवसाचे शंभर रुपये.

"भांडण झालं का कुणाशी?"

"नाय. कोन काय बोलतच नाय. दूधवाल्याच्या गाडीतनं जातंय दळान परत पयल्यासारखं."

गावात तोंडावर कुणी बोलत नाही हे खरं आहे. पण मावशीला सगळं माहीत होतं आणि तिने ते दोन महिने पोटात ठेवलं होतं, कारण पोराने फंडाचे पैसे घातले होते. त्या संध्याकाळी शेजारची म्हातारी चुलीशी टेकायला आली आणि तिने एका वाक्यात मोकळं केलं. "आरं, तुझ्या गिरनीत पीठ भाजून येतंय. तिसऱ्या दिशी बाजरी कडू. माज्या नातवानं भाकरी टाकून दिली."

बाजरीच्या बाबतीत हा छोटा दोष नाही. बाजरीत तेल बरंच असतं, गव्हाच्या दुपटीहून जास्त, आणि ते दाण्याच्या कोंबात असतं. दाणा आख्खा असेपर्यंत ते सुरक्षित. फुटला की तेलाला हवा लागते आणि दाण्यातलेच काही पदार्थ ते तेल फोडायला लागतात. पीठ आधी वासाला उतरतं, मग कडू होतं. गरम झालं तर हे सगळं लवकर होतं. त्यात गरम पीठ तसंच डब्यात भरून झाकण लावलं की आत वाफ धरते, झाकणाखाली थेंब जमतात आणि वरच्या थराच्या गाठी होतात. म्हणून तर इकडे कुणी महिन्याचं दळण आणत नाही. चार दिवसांचं, फार तर आठ दिवसांचं. दुकानात गव्हाच्या पिठाच्या पिशव्या ढिगाने मिळतात, पण बाजरीचं पिशवीतलं पीठ या गावात कुणी हातात घेणार नाही. गावात गिरणी चालते ती याच कारणासाठी. आणि दादाची बंद पडायला निघाली होती तीही त्याच कारणाने.

ज्वारीची तक्रार वेगळी होती. कडूपणा नाही, पण भाकरी थापताना कडा फाटतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो. भाकरी उभी राहते ती बारीक पिठावर आणि आधणाच्या पाण्यावर. गरम पाण्याने पिठातला स्टार्च थोडा फुगतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. पीठ जुनं झालं, की बायका म्हणतात विरी गेली. दादाचं पीठ ताजं असून विरी गेल्यासारखं वागत होतं. वहिनीने चिमटीत चोळून दाखवलं. मऊ पिठात मधूनच कणी लागत होती. म्हणजे दगड पीठ तापवत होता, पण नीट कापत नव्हता.

दादा रात्रभर जागाच होता बहुतेक. सकाळी त्याने काय करावं, तर माळ्यावरचं जातं उतरवलं. मावशी म्हणाली, "आता ह्येच्यावर दळतोस का गावाचं?" तो म्हणाला, "नाय गं. माप घ्यायचंय."

मग जे झालं ते मला फार आवडलं. एकाच पोत्यातली बाजरी. अर्धा किलो मावशीने जात्यावर दळली, दम खात, पाऊण तास. अर्धा किलो गिरणीत. दोन्ही पिठं दोन सारख्या स्टीलच्या डब्यांत, फळीवर शेजारी शेजारी, वर खडूने 'जा' आणि 'गि'. रोज सकाळी वहिनीने डोळे मिटून वास घ्यायचा. डबे कुठले ते तिला सांगायचं नाही. त्याआधी दादाने आणखी एक उद्योग केला. घरातला ताप बघायचा काचेचा थर्मामीटर त्याने गिरणीतून पडणाऱ्या पिठात खुपसला. पारा क्षणात बेचाळीसच्या टोकाला जाऊन चिकटला. वहिनी ओरडली, "पोरांचा हाय त्यो!" थर्मामीटर धुऊन परत गेला आणि मग दादाने हाताचं माप काढलं. पिठात मूठ खुपसायची आणि आकडे मोजायचे. गिरणीच्या पिठात त्याला चारपर्यंत मोजता आलं. जात्याच्या पिठात मी शंभरानंतर मोजायचं सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने 'गि'चं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. 'जा' अजून गोड होतं.

आता पुण्याला फोन. वाड्याचे मालक मुलाकडे राहायला गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं." मग अर्धा तास त्यांनी जे सांगितलं ते दादाने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. ते असं.

दगडाच्या तोंडावर चर पाडलेले असतात, मधल्या भोकापासून कडेपर्यंत. चर दोन कामं करतात. त्यांच्या धारा दाणा कापतात, आणि त्यांच्यातून पीठ बाहेर निघतं, सोबत हवाही खेळते. मधे चर खोल, कडेला उथळ. पेठेतल्या गिऱ्हाइकाला पोळीचं पीठ मैद्यासारखं बारीक हवं असायचं, तेही पाच मिनिटांत. म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं चर उथळ ठेवले, दगड एकमेकांना अगदी जवळ घेतले आणि वेग वाढवला. पीठ दगडाखाली जास्त वेळ घासलं जायचं. गव्हाला ते चालून गेलं. बाजरीचा दाणा बारीक आणि तेलकट. तो दगडाखाली रेंगाळला की भाजतो, आणि त्याचं तेल दगडाच्या तोंडावर लेप धरतं. लेप धरलेला दगड कापत नाही, नुसता चेपतो. मग माणूस काय करतो? पीठ जाड येतंय म्हणून दगड आणखी जवळ घेतो. मग ते आणखी तापतं.

"तू चक्री किती आवळलीस?" त्यांनी विचारलं. दादाने सांगितलं. पलीकडून नुसता "अरे देवा" ऐकू आला.

*

चक्की उघडली. दगडाचं तोंड टॉर्च लावून पाहिलं तर काचेसारखं चमकत होतं. चर कडेपाशी बोटाला लागतही नव्हते.

टाकी लावणारा शोधायला आम्ही दोघं मोटारसायकलवर तीन गावं फिरलो. जात्या-पाट्याला टाकी लावायला पूर्वी वडार बाया-बापे दारोदार यायचे. आता पाटे अंगणात उलटे पडलेत आणि ती माणसं बांधकामावर गेलीत. शेवटी एका देवळाच्या पायऱ्या घडवणारे म्हातारे वडारबाबा भेटले. आले, दगडावर हात फिरवला, छिन्नी लावून दोन ठोके टाकले आणि छिन्नीचं टोक बघितलं. ते गोल झालं होतं. "ह्यो दगूड न्हाय बाबा," ते म्हणाले, "ह्यो घासकागद हाय." काळ्या दगडाची छिन्नी एमरीवर टिकत नाही. मग फलटणला जाऊन कठीण टोकाची हत्यारं आणणं आलं. तसंही आम्हाला फलटणला जायचंच होतं, पुलीसाठी.

पुलीचा हिशेब सोपा आहे. मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे फिरते. तिच्यावर सात इंची पुली आणि चक्कीवर चौदा इंची. म्हणजे दगड अर्ध्या वेगाने, ७२० फेरे. पेठेचा वेग तो हाच. दादाने मोटरवरची पुली पाच इंची घेतली. १४४०ला पाचाने गुणा, चौदाने भागा. ५१४ फेरे येतात. पट्टे तेच ठेवले, मोटर रुळावर थोडी मागे सरकवून ताण जुळवला. दळायला वेळ जास्त लागणार हे कबूल. पण इथे घाई कुणाला आहे? बाया तासभर टेकायलाच येतात. (हे मी वहिनीसमोर बोललो आणि मला ऐकून घ्यावं लागलं. तिच्या मते घाई पुण्यापेक्षा इथेच जास्त आहे, फक्त आम्हाला दिसत नाही.)

वडारबाबा दोन दिवस बसले. पहिल्या दगडाला पूर्ण दिवस लागला. मधे बोटाच्या पेराएवढे रुंद आणि खोल चर, कडेकडे येताना हळूहळू उथळ, शेवटची दोन बोटं जवळजवळ सपाट. तिथेच पीठ बारीक होतं. चरांच्या मधल्या सपाट जागेवर त्यांनी बारीक बारीक टाचे मारले, पाट्यावर मारतात तसे. दगड पुन्हा बसवल्यावर दादाने एक गोष्ट वहीत लाल शाईने लिहिली: हॉपर रिकामा झाला की दगड लगेच सैल करायचा. रिकामी चक्की दगडावर दगड घासते, टाकी उतरते, आणि पुढच्या बाईच्या पिठात खर जाते. जळका वास आला तर वेळ गेलेली असते.

पुन्हा म्हशीसाठी दहा किलो. मग त्याच पोत्यातली बाजरी. मूठ खुपसली. थर्मामीटर मागायची हिंमत कुणी केली नाही. दादा मोजत होता, आणि बावीसपर्यंत पोचला. पीठ गरम होतंच, गिरणीत ते थंड येत नाही, पण हात ठेववत होता. परातीत पसरून वाफ जाऊ दिली, मग डब्यात. तिसरा डबा फळीवर ठेवला, खडूने 'न'.

माझ्या उरलेल्या दिवसांत वहिनी रोज वास घेत राहिली. 'न' तिसऱ्या दिवशी टिकला. पुढचं बघायला मी नव्हतो; दादाने फोनवर सांगितलं की पाचव्या दिवशी तो उतरला, आणि सहाव्याला कडवटला. 'जा'सुद्धा त्याच्यापेक्षा एखादा दिवसच जास्त टिकला होता.

*

म्हातारी पहिली आली. दोन किलो बाजरी, परीक्षेपुरती. तिने डब्यात हात घातला, काही बोलली नाही, पैसे देऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन सुना आल्या.

दादाने आता वेळ लावून दिली होती. चक्कीच्या पोटात आणि कापडी नळीत आधीच्या दळणाचं पाव किलो तरी पीठ राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात जातं. बाजरीवर गहू दळला की पोळी काळपट होते आणि गहूवाली बाई भांडते. उलटं झालं तर फार कुणी बोलत नाही. म्हणून सकाळी गहू, मग ज्वारी, आणि दुपारनंतर बाजरी. हरभऱ्याची डाळ सगळ्यात शेवटी, तिचा वास रेंगाळतो. एकादशीच्या आदल्या दिवशी सगळी पेटी झाडून आधी उपवासाची भगर, मगच धान्य. हे वेळापत्रक त्याने दारावर लिहिलं आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. बाया येतात तेव्हा येतात. मग तो डबे रांगेत मागेपुढे सरकवतो, आणि ज्यांचा डबा मागे जातो त्यांच्याशी बोलत बसतो.

पैशाचं मी स्पष्ट विचारलं. एका दळणाला पाच मिनिटं लागतात, वीज साधारण अर्ध्या युनिटाच्या वर, म्हणजे पंचवीस रुपयांतले चार-पाच विजेचे. दिवसाला वीस दळणं आली तर महिन्याला दहा हजारांच्या आसपास हातात राहील, पट्टे आणि टाकी धरून. कोपरखैरण्यात पगार सव्वीस हजार होता आणि खोलीचं भाडं आठ. "म्हस हाय, घर आपलं हाय," दादा म्हणाला. मग जरा वेळाने, "पोरगी बारावीला गेली की बघू." गावात कुटुंबं एकशे चाळीसच्या घरात. वीस दळणं ही काही अशक्य गोष्ट नाही, पण वाढायला जागाही फारशी नाही. मिरची कांडपाचा डंका घ्यावा असं त्याच्या मनात आहे. मी काही बोललो नाही. मशीन घ्यायची म्हटलं की त्याचे डोळे बदलतात, आणि या खेपेला वहिनीला आधी विचार एवढंच मी सांगितलं.

निघायच्या दिवशी अकराची जीप होती. मावशीने मला द्यायला दोन किलो बाजरी निवडून ठेवली होती. ती दळून घेतली की निघायचं. माझ्या आधी म्हातारीचा डबा. तिचं दळण अर्ध्यावर आलं असेल तेवढ्यात खट् असा आवाज आला आणि पट्टे सावकाश थांबले. फेज गेला होता. रिलेने काम केलं होतं.

दादाने चक्री फिरवून दगड लगेच सैल केला, हॉपरची झडप बंद केली. दगडांमध्ये अडकलेलं धान्य तसंच ठेवून मोटर सुरू केली तर ती ओढत नाही, पट्टे नुसते घसरतात आणि जळतात. त्याने पेटी उघडून अर्धवट फुटलेली बाजरी हाताने काढली आणि वेगळ्या वाटीत ठेवली.

"किती येळ?" म्हातारीने विचारलं.

"आता ते त्यांनाच माहीत."

म्हातारी उंबऱ्यावर बसली. मीही बसलो. वेळ काढायला ती मला माझं पुण्यातलं पीठ कुठून येतं ते विचारू लागली. मी सांगितलं, पिशवीतून. कधी दळलेलं, असं तिने विचारलं. मी म्हणालो, पिशवीवर लिहिलेलं असतं. तिने वाटीतली फुटकी बाजरी उचलून नाकाशी नेली, मला दिली, आणि जीपचा हॉर्न वाजला तेव्हा मी ती हुंगत होतो. फेज आला नव्हता. मावशीने दोन किलो बाजरी आख्खीच पिशवीत बांधून दिली आणि सांगितलं, पुण्यात कुठं गिरणी असली तर बघ, पण गव्हावर दळू नको म्हणावं.